सहा आठवड्याला शून्य, अठरा महिन्यांला किती?

प्रश्न: कोल्हापूर जिल्ह्यात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात, काउन्सेलर म्हणून जॉईन होऊन ५ महिने झाले. आमच्याकडं तपासलेली सगळी बाळं निगेटिव्ह आहेत, म्हणून मी रिपोर्टला आईकडून बाळाला लागण ०% लिहिलं. रिव्ह्यू मीटिंगला साहेब म्हणाले हा आकडा चुकीचा आहे. कुठं चुकलं माझं? हे इंडिकेटर नक्की वाचायचे कसे?

उत्तर:

ताई, तुमचा शून्य खोटा नाही, फक्त तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न साहेबांनी विचारलाच नव्हता. तुम्ही लिहिलंय ते असं, की जी बाळं आमच्याकडं आली त्यातलं एकही सहाव्या आठवड्याच्या डीबीएसला, म्हणजे कार्डावर वाळवलेल्या रक्ताच्या तपासणीला, पॉझिटिव्ह निघालं नाही. साहेबांना हवंय ते असं, की ज्या ज्या एचआयव्ही असलेल्या बाईला मूल झालं त्या सगळ्या मुलांपैकी, दूध सुटेपर्यंतचा काळ धरून, शेवटी किती जणांना लागण झाली. मी पंधरा-सोळा वर्षं यातच घालवली, आधी काउन्सेलर म्हणून मग रजिस्टर तपासणारा म्हणून, आणि माझ्या अनुभवात दहातले आठ रिपोर्ट याच एका ठिकाणी घसरतात.

आकड्यांनीच सांगतो, म्हणजे डोक्यात बसेल. हे आकडे मी समजण्यासाठी बनवलेत, कुठल्या तालुक्याचे नाहीत. समजा एका भागात वर्षाला एचआयव्ही असलेल्या ५० बायका गरोदर राहतात असा अंदाज आहे. त्यातल्या ४० आपल्याला सापडल्या, काही आधीपासून औषधावर होत्या, काही एएनसीच्या, म्हणजे गरोदरपणातल्या, तपासणीत नव्यानं कळल्या, दोन-तीन तर थेट लेबर रूममध्ये. ४० पैकी ३९ जणींना एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू झाली. दोघींचा गर्भ टिकला नाही, राहिली ३८ जिवंत बाळं. त्यातल्या ३० बाळांचा डीबीएस दोन महिन्यांच्या आत झाला, सगळी निगेटिव्ह. इथं तुम्ही रिपोर्ट लिहिला, ३० पैकी ०. बरोबर?

आता तेच रजिस्टर दीड वर्षानं उघडा. २८ बाळं अँटीबॉडी टेस्टला पक्की निगेटिव्ह, २ पॉझिटिव्ह निघाली, एक बाळ कुठलीच टेस्ट व्हायच्या आधी वारलं, आणि ७ चा पत्ता नाही. आता लागणीचा दर किती लिहिणार? ज्यांचा निकाल माहीत आहे त्यांच्यात ३० पैकी २, म्हणजे ६.७%. बेपत्ता ७ आणि वारलेलं १ अशी आठही बाळं निगेटिव्ह धरली तर ३८ पैकी २, म्हणजे ५.३%. आणि ती आठही पॉझिटिव्ह धरली तर ३८ पैकी १०, म्हणजे २६%. खरा आकडा ५.३ आणि २६ च्या मधी कुठंतरी आहे आणि तो नेमका कुठं हे तुमच्या औषधावर नाही, त्या ८ ओळींवर ठरतं. पहिल्या दिवशी मला हे कुणी सांगितलं असतं तर माझी बरीच वर्षं वाचली असती.

तेच एआरटीचं. ४० पैकी ३९ म्हणजे ९७.५%, आपण खूष. पण अंदाज ५० चा आहे, त्यानं भागलं की ७८%. दोन्ही आकडे खरे. पहिला सांगतो की सापडलेल्या बाईला आपण औषध देतो का, दुसरा सांगतो की आपण बायका शोधतो का. ९५-९५-९५ च्या टार्गेटमध्ये पण हाच घोळ होतो, कारण तिथं प्रत्येक ९५ आधीच्या ९५ मधनं काढायचा असतो. पहिले ९५ एकूण बाधितांपैकी स्टेटस माहीत असलेले, दुसरे ९५ माहीत असलेल्यांपैकी औषधावर असलेले, तिसरे ९५ औषधावर असलेल्यांपैकी व्हायरस दबलेले. म्हणून तिन्ही टार्गेट गाठूनसुद्धा एकूण बाधितांमधले व्हायरस दबलेले साधारण ८६% च येतात.

आणि ज्या १० बायका सापडल्याच नाहीत त्यांचं काय? कसलंच औषध नसेल तर गर्भात, बाळंतपणात आणि अंगावरच्या दुधातनं मिळून लागण १५ ते ४५% होते. म्हणजे त्या १० मधनं साधारण २ ते ४ बाळं बाधित होतील, आणि ती तुमच्या कुठल्याच रजिस्टरला नसतील. ती येतात वर्ष-दीड वर्षानं, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया, जुलाब थांबत नाहीत, तेव्हा बालरोगवाले टेस्ट सांगतात आणि मग आईची टेस्ट होते. उलटा प्रवास. अशी केस आली की त्या आईच्या गरोदरपणाचं कार्ड मागून घ्या आणि बघा एचआयव्हीचा रकाना कोरा होता का निगेटिव्ह लिहिलं होतं. कोरा असेल तर तपासणी चुकली, बहुतेक वेळा प्रायव्हेटला नाव होतं आणि तिथनं रिपोर्टच आपल्याकडं आला नाही. निगेटिव्ह लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, मग ती बाई त्या टेस्टनंतर, गरोदरपणात किंवा दूध पाजताना बाधित झाली असण्याची शक्यता मोठी. नव्या लागणीत व्हायरस प्रचंड असतो, त्यामुळं बाळाला धोका जास्त. नवरा पॉझिटिव्ह आहे, किंवा महिने-महिने बाहेर असतो, अशा बाईची पहिली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून फाईल मिटवू नका, पुढं परत टेस्ट करा.

आता ते बेपत्ता ७. कोल्हापुरात बाळं का हरवतात याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण औषधाची भीती नाही आणि गैरसमज पण नाही. कारण आहे माहेर.

एक केस सांगतो, ओळखता येऊ नये म्हणून थोडी बदलून. पोरगी २३ वर्षांची, पहिलटकरीण, सासर आपल्या जिल्ह्यात, माहेर कर्नाटकात चिकोडीच्या पुढं. १२ व्या आठवड्यात पीएचसीला बोटातनं रक्त घेऊन टेस्ट झाली, रिअॅक्टिव्ह आली. लक्षात ठेवा, ही फक्त स्क्रीनिंग, पॉझिटिव्ह म्हणायचं नाही. आयसीटीसीला तीन वेगवेगळ्या किटवर पक्की झाली, आठवड्याच्या आत एआरटी चालू झाली, टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, रोज एक गोळी. नवरा तपासला, तो पण निघाला, त्याला पण चालू केली. रजिस्टरला सगळे रकाने हिरवे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि पोरगी माहेरी गेली, जाणारच की, आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे आमच्यातल्या कुणाला माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ती तपासणी, करायची होती ३२ ते ३६ आठवड्यात, आणि ती गेली २९ व्या आठवड्यात. तो एकच रकाना कोरा राहिला. पण पुढचं सगळं त्याच रकान्यावर अवलंबून असतं बघा. ३२ आठवड्यांनंतरचा व्हायरल लोड १००० च्या खाली असेल तर बाळ लो रिस्क, त्याला सहा आठवडे नेव्हिरॅपिन सिरप पुरतं. लोड जास्त असेल, किंवा केलेलाच नसेल, तर बाळ हाय रिस्क. मग नेव्हिरॅपिन आणि झिडोवुडिन दोन्ही द्यायची, अंगावर पाजत असेल तर १२ आठवडे. म्हणजे 'लोड माहीत नाही' याचा अर्थ 'बहुतेक ठीक असेल' असा नाही, 'वाईट धरून चाला' असा आहे.

बाळंतपण झालं तिकडच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये. पोरीनं भीतीनं काही सांगितलं नाही, आईलासुद्धा माहीत नव्हतं. सिरप पहिल्या काही तासांत पोटात जायला पाहिजे, इथं नवव्या दिवशी नवऱ्याचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं की मुलगी झालीय. त्याच दिवशी तिकडच्या आयसीटीसीच्या मॅडमना फोन लावला, त्यांनी दुपारी बोलावून घेतलं, दोन्ही सिरप चालू केली. वजन अडीच किलोच्या वर होतं म्हणून नेव्हिरॅपिन दिवसाला एकदा दीड मिली, झिडोवुडिन दीड मिली दोनदा. सहाव्या आठवड्याचा डीबीएस तिकडंच झाला, पुढच्या टेस्ट पण तिकडंच, शेवटी निगेटिव्ह. नशीब.

आणि आमच्या रजिस्टरला ती मुलगी? 'पत्ता नाही'. दीड वर्ष. कारण तिकडं ती नवीन नोंद म्हणून गेली, इकडची नोंद तशीच उघडी राहिली. म्हणजे तुमच्या ७ मध्ये दोन-तीन तरी अशी असणार की जी खरं तर निगेटिव्ह आहेत, फक्त हद्दीपलीकडं. आणि उलट पण होतं, तिकडनं आपल्याकडं सासरी आलेलं बाळ आपण नवीन म्हणून मोजतो, एकच बाळ दोन राज्यांत दोनदा. सोच या नोंदींच्या पोर्टलवर ट्रान्सफर टाकायची सोय आहे ती वापरा, पण ट्रान्सफर आऊट टाकलं की आपलं काम संपलं असं समजू नका, समोरनं ट्रान्सफर इन झालंय हे बघेपर्यंत ते बाळ तुमचंच.

त्या केसनंतर आम्ही एकच गोष्ट बदलली. पहिल्याच काउन्सेलिंगला विचारायचं, बाळंतपण कुठं, माहेर कुठलं, कधी जाणार. उत्तर पेन्सिलीनं लिहायचं कारण बदलतं. आणि ३२ वा आठवडा माहेरात येत असेल तर त्या बाजूच्या आयसीटीसीचा नंबर आधीच घेऊन व्हायरल लोड तिकडं ठरवायचा, जाताना पुरतील एवढ्या गोळ्या द्यायच्या, आणि फोन केल्यावर काय बोलायचं ते तिच्याशी ठरवून ठेवायचं. फोन आई उचलते, भाऊ उचलतो. एका बाईंनी मला सांगितलं होतं, तुम्ही 'रक्त कमी आहे, तपासायला या' एवढंच म्हणा, मी समजून घेते. तिच्या परवानगीशिवाय तिचं स्टेटस कुणालाही सांगायचं नाही, आशाताईला पण नाही, हे २०१७ च्या कायद्यात आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी एकदा गावात फुटलं की ती बाई परत तुमच्या दारात येत नाही आणि बाळ पण येत नाही.

ऊसतोडीच्या टोळ्यांचं असंच, फक्त दिशा उलटी. त्या दिवाळीच्या आसपास येतात, कारखाना बंद झाला की जातात. त्यातली बाई डिसेंबरमध्ये सापडली तर तिचं बाळंतपण बीडला होणार हे धरूनच प्लॅन करा.

आता पॉझिटिव्ह निघालेल्या त्या २ बाळांकडं या, कारण सहाव्या आठवड्याला ती दोन्ही निगेटिव्ह होती. मग नंतर कुठनं आलं? दुधातनं. यात एक पॅटर्न मी परत परत बघितलाय. आई गरोदरपणात गोळी चुकवत नाही, बाळासाठी म्हणून घेते. सहाव्या आठवड्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरात पेढे, आणि तिथनं पुढं गोळी ढिली पडते. आधी एखाद-दुसरी चुकते, मग पुढच्या महिन्याची आणायला कुणी जात नाही कारण बाळ लहान, सासूला काय सांगून निघायचं. व्हायरस परत वाढतो आणि दूध तर चालूच असतं. म्हणून ती निगेटिव्हची बातमी देताना मी तिथंच सांगायचो की हा रिपोर्ट जन्मापर्यंतचा आहे, दुधाचा रिपोर्ट अजून यायचाय. ६ महिने, १२ महिने डीबीएस, आणि १८ महिन्यांला अँटीबॉडी टेस्ट, तीपण दूध सुटून काही काळ गेल्यावर. त्याआधी अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी त्यावरनं बाळ बाधित म्हणायचं नाही, आईच्याच अँटीबॉडी बाळाच्या रक्तात असतात, निरोगी बाळ पण पॉझिटिव्ह दिसतं. मी एका प्रायव्हेट लॅबचा असला रिपोर्ट घेऊन रडत आलेलं जोडपं बघितलंय, बाळ चार महिन्यांचं, आणि त्याला काहीही नव्हतं.

मग दूध बंदच का करत नाही असं विचाराल. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि आई औषधावर, हे आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी सगळ्यात सुरक्षित. वाईट काय, तर दोन्ही. मध चाटवणं, गुटी उगाळणं, मधनंच वरचं दूध. आजीला हे पटवणं म्हणजे वेगळंच प्रकरण, पण 'डॉक्टरांनी पोट नाजूक आहे म्हणून मनाई केलीय' एवढं सांगितलं की बऱ्याच आज्या ऐकतात.

व्हायरल लोड जास्त आला आणि आई शपथेवर सांगतेय की रोज घेते, तर तिच्यावर संशय घ्यायच्या आधी एक विचारा: कॅल्शियमची गोळी कधी घेता? टीएलडीमधलं डोल्युटेग्राव्हिर कॅल्शियम आणि लोहाबरोबर उपाशीपोटी घेतलं तर नीट शोषलंच जात नाही. आणि गरोदर बाईला या दोन्ही गोळ्या आपणच देतो. एक तर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी घ्यायची किंवा सहा तास नंतर, नाहीतर जेवणाबरोबर एकत्र. पित्तावरच्या अँटासिड गोळ्यांनी पण शोषण कमी होतं, पण तिथं जेवणाबरोबर एकत्र चालत नाही, वेळेचं अंतर पाहिजेच. आमच्याकडं एक बाई सगळ्या गोळ्या पहाटे उपाशीपोटी एका घोटात घ्यायची, प्रामाणिकपणे, एकही न चुकवता. वेळ बदलली, पुढचा लोड खाली आला.

डीबीएसबद्दल थोडक्यात, कारण इथं पण आकडा फसतो. सॅम्पल घेतला म्हणजे टेस्ट झाली असं नाही, आणि टेस्ट झाली म्हणजे आईला निकाल कळला असं नाही. तीन वेगळ्या तारखा आहेत, तिन्ही लिहा. आपल्याकडं पावसाळ्यात, गगनबावडा-राधानगरी बाजूला तर विचारूच नका, हवा इतकी दमट असते की कार्ड तीन-चार तासांत वाळत नाही, घाईनं पाकिटात घातलं की लॅबकडनं रिजेक्ट. उन्हात ठेवायचं नाही, पंख्याची झोत नको, हीटर तर नकोच. जास्त वेळ आडवं ठेवा, रात्रभर ठेवलं तरी चालेल, आणि पाकिटातली दमटपणा शोषणारी पुडी गुलाबी पडली असेल तर बदला. रिजेक्ट झालेला सॅम्पल परत घेईपर्यंत बाळ अडीच-तीन महिन्यांचं होतं, आणि गर्भातच लागण झालेल्या बाळांमध्ये मरणाचं प्रमाण नेमकं त्याच वयात सगळ्यात जास्त. पहिला पीसीआर, म्हणजे डीबीएसच्या रक्तात थेट व्हायरस शोधणारी टेस्ट, पॉझिटिव्ह आला तर पक्कं करायला दुसरा सॅम्पल लगेच घ्या, पण त्याच्या निकालासाठी औषध अडवू नका.

आता साहेबांना द्यायचा रिपोर्ट. टक्केवारी काढताना तिमाहीत जन्मलेली बाळं भागाकारात खाली आणि तिमाहीत तपासलेली बाळं वर असं करू नका. या तिमाहीत तपासलेली बरीच बाळं मागच्या तिमाहीत जन्मलेली असतात, म्हणून कधी ११०% येतं कधी ६०% आणि दोन्हीला अर्थ नाही. जन्माच्या महिन्याप्रमाणं गट करा, आई-बाळाची एक ओळ, आणि ती ओळ १८ महिने उघडी ठेवा. आधीपासून औषधावर असलेली बाई परत गरोदर राहिली तर तिला नवीन पॉझिटिव्ह म्हणून टाकू नका, पण एआरटीवर असलेल्या गरोदर बायकांच्यात मात्र मोजा. हे पहिल्या वर्षी सगळेच उलटं करतात, मी पण केलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचे निकष तुम्हाला मीटिंगला ऐकायला मिळतील. किमान एकदा तरी एएनसीला आलेल्या बायका ९५%, त्यातल्या एचआयव्ही तपासलेल्या ९५%, बाधितांपैकी औषधावर ९५%, आणि जिथं बाळं अंगावर पितात तिथं लागणीचा शेवटचा दर ५% च्या खाली. शिवाय एक लाख जन्मांमागे नवीन बाधित बाळं ५० किंवा कमी. या शेवटच्यापासून सावध राहा. आपल्या उदाहरणातल्या भागात वर्षाला ५०,००० जन्म होत असतील तर २५ बाळं बाधित झाली तरी हा निकष पास. म्हणजे २ काय, १० पॉझिटिव्ह निघाली तरी पास. जिथं मुळात बाधित बायका कमी, तिथं ढिसाळ काम पण या आकड्यात झाकलं जातं, ५% वाला आकडा मात्र झाकू देत नाही.

पुढच्या मीटिंगला ०% पुसा आणि असं लिहा: दोन महिन्यांच्या आत तपासलेली ३० पैकी पॉझिटिव्ह ०, तपासणीचं प्रमाण ३८ पैकी ३०, म्हणजे ७९%, अंतिम निकाल बाकी. तुमचे स्वतःचे आकडे घालून. साहेब अंतिम दर मागतील तेव्हा एक आकडा देऊ नका, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही द्या, बेपत्ता किती ते शेजारी. आणि सोमवारी बसाल तेव्हा बेपत्ता बाळांच्या ओळी काढून प्रत्येकीच्या पुढं आईचं माहेर लिहा. निपाणी, चिकोडी, बेळगाव अशी नावं निघाली तर आधी तिकडच्या काउन्सेलरना फोन लावा, घरी जायची गाडी नंतर काढा.